सत्त्याण्णव सेकंद

ताईची आणि माझी ओळख एका पुस्तकाच्या प्रुफांमुळे झाली. पुस्तक म्हणजे कॉम्प्युटर विभागाचं लॅब मॅन्युअल. विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिकं कशी करायची, ते त्यात लिहिलेलं. अकरा वर्षं तेच छापत होते. नवी आवृत्ती काढायची ठरली, तेव्हा भाषा तपासायला कॉलेजने मला बोलावलं. मी साहित्यात पदवी घेतली होती आणि काम शोधत होते. प्रोग्राम कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं.

विभागप्रमुखांनी मला लॅबमधल्या कोपऱ्यातलं टेबल दिलं. शेजारच्या टेबलावर ताई बसायची.

ताई लॅब अटेंडंट होती. सतरा वर्षं. सकाळी खोली उघडायची, चाळीस मशीनवरची आवरणं काढायची, विद्यार्थ्यांची ओळखपत्रं ठेवून घेऊन त्यांना माऊस आणि हेडफोन द्यायचे, सुटताना ते परत मोजून घ्यायचे. विद्यार्थी तिला मावशी म्हणत.

"पहिल्या दिवशी घरी जाऊन यांना सांगितलं, मला उंदीर मोजायचं काम लागलंय," ती म्हणाली. "हे म्हणाले, पगार देतात ना, मग मांजर म्हणून लागलीस तरी चालेल."

हे म्हणजे तिचा नवरा. लिफ्टची दुरुस्ती करणारा. एक मुलगी, नर्सिंगला.

मी तिला "तुम्ही" म्हटलं, तर ती म्हणाली, "तुम्ही काय? मी काय तुझी मुलाखत घेतेय?" तेव्हापासून ती ताई झाली आणि तू झाली.

मला ती कळली ती एका दुपारी. मी मॅन्युअलच्या सातव्या प्रयोगाशी आले होते. मर्ज सॉर्ट. यादी क्रमाने लावायची पद्धत. त्यातलं एक वाक्य मला चुकीचं वाटलं. मी ते लाल पेनाने खोडणार होते. वाक्य असं होतं: "यादी क्रमाने लावण्यासाठी, तिचे दोन अर्धे क्रमाने लावा व एकत्र करा."

"ताई, हे वाक्य गोल गोल फिरतंय," मी म्हणाले. "क्रमाने कसं लावायचं विचारलं, तर म्हणे क्रमाने लावा."

ती हसली. "खोडू नकोस. सगळी गंमत त्या वाक्यातच आहे."

तिने समोरच्या खोक्यातून आठ ओळखपत्रं काढली. त्यावर रोल नंबर होते. पिसून टेबलावर ठेवली.

"ही मला क्रमाने हवीत. पण मी आळशी आहे. चार तुला देते, चार दुसऱ्या कोणाला. तू तुझी लावून दे. कशी लावशील ते मला विचारू नकोस आणि मी तुला विचारणार नाही."

"मी कशी लावू?"

"तूही आळशी हो. दोन-दोन कर आणि तुझ्यासारख्याच दुसऱ्या कोणाला दे. तो एकेक करेल."

"आणि एक कार्ड ज्याच्या हातात येईल तो?"

"त्याला काही करायचंच नाही. एक कार्ड लागलेलंच असतं. तो लगेच परत देतो. तिथे थांबायचं. ती थांबायची जागा लिहायला विसरलं की प्रोग्राम खाली खाली जातच राहतो, आणि पोरं ओरडतात, मावशी, मशीन हँग झालं."

मग तिने परतीचा रस्ता दाखवला. दोन लागलेल्या गड्ड्या शेजारी ठेवायच्या. फक्त वरची दोन कार्डं बघायची. लहान असेल ते उचलायचं. पुन्हा वरची दोन बघायची. आत काय आहे, ते बघायची गरज नाही, कारण आतली सगळी वरच्यापेक्षा मोठीच आहेत. एक गड्डी संपली की दुसरी आहे तशी उचलायची.

"फंक्शन स्वतःलाच हाक मारतं," ती म्हणाली. "ह्याला रिकर्शन म्हणतात. पोरांचा ह्यावर विश्वास बसत नाही. स्वतःचं काम संपलेलं नसताना स्वतःला कसं बोलावणार? मी सांगते, काम तेच, पण हातातला ढीग निम्मा. प्रत्येक हाकेला निम्मा. तो कधीतरी एकावर येणारच."

"मग इतके सगळे लोक मशीनमध्ये कुठून येतात?"

"लोक कुठले! मशीन एकटंच. डावा अर्धा पुरता संपवतं, तोवर उजवा ताटकळत बसतो. अर्धवट राहिलेली कामं एकावर एक रचून ठेवतं. सगळ्यात वरचं आधी संपवतं. माझ्या घरच्यासारखं."

मी एक शंका काढली. खाली जावं तसे तुकडे लहान होतात. मग खालचं काम कमी असणार.

ताईने मान वर केली. तिला ही शंका आवडली असावी.

"तुकडे लहान होतात, पण संख्येने वाढतातही. मोज. सगळ्यात खालच्या थरावर एकेकाची दोन-दोन केली. किती कार्डं उचलली?"

"आठ."

"दोन-दोनाची चार-चार केली?"

"आठच."

"चार-चाराची आठ?"

"आठ."

"म्हणजे थर कुठलाही असो, कार्डं आठच उचलायची. आणि थर किती? आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. तीन. आठ गुणिले तीन, चोवीस. आता सोळा कार्डं घे. थर किती वाढला?"

मी बोटांवर मोजलं. "एकच."

"एकच! कार्डं दुप्पट, थर फक्त एक जास्त. म्हणून यादी दुप्पट केली की वेळ दुपटीहून जरासा जास्त लागतो. बस. एक लाखाला थर सतराच. प्रत्येक कार्डाला बाकीच्या सगळ्यांशी भिडवत बसलीस, तर मात्र यादी दुप्पट केली की वेळ चौपट."

तिने कार्डं खोक्यात टाकली. दोन विद्यार्थी माऊस परत करायला आले होते. ती माऊसची वायर गुंडाळू लागली.

मी पेनाचं टोपण लावलं. अकरावीपासून मी अनेकांना शिकवताना ऐकलं होतं. असं ऐकलं नव्हतं.

नंतर मला कळलं. ती सतरा वर्षं मागच्या स्टुलावर बसून प्रत्येक प्रात्यक्षिक ऐकत आली होती. एकेचाळिसाव्या वर्षी तिने बाहेरून डिप्लोमा केला. मुलगी आणि ती एकाच टेबलावर अभ्यास करायच्या. मुलीला हाडांची नावं पाठ करायची असायची. हिला रात्रभर हाडं ऐकून झोपेतही हाडं दिसायची.

त्या वर्षी लॅब इन्स्ट्रक्टरची जागा निघाली. कायमची जागा. डिप्लोमा चालणार होता. वयाची अट पंचेचाळीस. ताईला पाच महिन्यांनी पंचेचाळीस पूर्ण होणार होती. पुन्हा जागा निघेल तेव्हा तिला अर्ज करता येणार नव्हता.

"म्हणजे एकच फेरी," ती म्हणाली. "आउट झाले की तंबूत."

दोन उमेदवार उरले. ताई आणि एक इंजिनिअर मुलगा. दोघांनी विद्यार्थ्यांसमोर एक प्रात्यक्षिक घ्यायचं होतं. समोर तीन जण बसणार होते: प्राचार्य, विभागप्रमुख आणि दुसऱ्या कॉलेजमधल्या एक बाई. विषय ठरलेला होता. मॅन्युअलमधला सातवा प्रयोग.

"तुझं नशीब फळफळलं," मी म्हणाले.

"बघू," ताई म्हणाली.

चार दिवसांनी तिचा चेहरा उतरला होता. डबासुद्धा उघडला नव्हता.

"काहीतरी चुकतंय माझं," ती म्हणाली.

मॅन्युअलमध्ये प्रोग्राम होता आणि त्याखाली वेळेचा तक्ता होता. हजार आकड्यांना चार मिलिसेकंद, दोन हजाराला नऊ, चार हजाराला एकोणीस. दुपटीहून जरासा जास्त. तिने सांगितलं होतं तसंच. विद्यार्थी हा प्रयोग करत आणि जर्नलमध्ये हेच तीन आकडे लिहीत. खरं तर करत नसत. मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवत. सगळ्यांना ठाऊक होतं. सह्याही होत.

ताईने उतरवले नाहीत. तिने मोजले. आणि यादीही मोठी घेतली, कारण इतक्या लहान यादीत डोळ्यांना काही दिसत नाही. पन्नास हजाराला सहा सेकंद. एक लाखाला चोवीस. दोन लाखाला सत्त्याण्णव.

"चौपट," मी म्हणाले.

"चौपट. आणि यादी अगदी बरोबर लागते. एकही आकडा इकडचा तिकडे नाही. तीन मशीन बदलली. तेच. म्हणजे इतकी वर्षं मी पोरांना जे थर मोजून दाखवतेय ते खोटं, नाहीतर हा प्रोग्राम खोटा. आणि प्रोग्राम सरांचा आहे."

प्रोग्राम विभागप्रमुखांनी लिहिलेला होता. मॅन्युअलवर त्यांचं नाव होतं. तेच समोर बसणार होते.

तिने त्या दिवशी प्रोग्राम कागदावर उतरवून घेतला आणि स्टुलावर बसली. मी शेजारी प्रुफं तपासत होते. चारच्या सुमाराला ती म्हणाली, "अगं बाई."

मी बघायला गेले. तिचं बोट एका ओळीवर होतं.

दोन गड्ड्या एकत्र करण्याआधी त्यांची एक नक्कल काढावी लागते, नाहीतर लिहिताना आधीचे आकडे पुसले जातात. नक्कल फक्त त्या तुकड्याची काढायची. तुकडा जिथे सुरू होतो तिथपासून जिथे संपतो तिथपर्यंत. पण त्या ओळीत शून्यापासून एनपर्यंत असं लिहिलं होतं. एन म्हणजे यादीची पूर्ण लांबी.

"दोन कार्डं लावायची असली, तरी हा प्रत्येक वेळी लाखभर कार्डांची नक्कल काढतोय," ताई म्हणाली. "उत्तर चुकत नाही, कारण जास्तीची नक्कल कोणी वापरतच नाही. नुसती काढून टाकून देतो."

तिने कागदाच्या कोपऱ्यात गणित मांडलं. लाख सुटी कार्डं. प्रत्येक जुळणीला दोन गड्ड्यांची एक होते, म्हणजे गड्डी एकाने कमी होते. लाख गड्ड्यांची एक व्हायला जुळण्या लाखाला एक कमी. प्रत्येक जुळणीला लाखाची नक्कल. एक हजार कोटी. खरं काम सतरा थर गुणिले लाख. सतरा लाख.

"सांगणार आहेस?" मी विचारलं.

"तेच कळत नाहीये. सांगितलं तर सरांना त्यांच्याच विद्यार्थ्यांसमोर तोंडावर पाडलं असं होईल. नाही सांगितलं तर हजार आकडे चालवून दाखवायचे, तक्ता वाचायचा आणि खाली बसायचं. कोणाला पत्ता लागणार नाही. तो मुलगाही तेच करेल."

"गुपचूप ओळ दुरुस्त करून चालव."

"आणि पोरांच्या हातात मॅन्युअल आहे, त्यात काय लिहिलंय? उद्या ते तेच चालवणार."

संध्याकाळी तिचा नवरा तिला न्यायला आला. पाना अजून खिशात होता. ताईने त्याला फाटकाशीच सगळं सांगितलं. त्याला मर्ज सॉर्ट कळलं नाही, पण अडचण कळली.

"लिफ्ट बिघडली की मी कोणी बसवली ते सांगतो का?" तो म्हणाला. "मी मालकाला आत उभा करतो आणि बटण दाबायला सांगतो. मग मला बोलावं लागत नाही. चल, भूक लागलीय."

परीक्षेच्या दिवशी आधी तो इंजिनिअर मुलगा आला. त्याने चांगलं शिकवलं. सूत्र फळ्यावर नेटकं मांडलं. दहा आकड्यांची यादी चालवली. ती झटक्यात लागली. तक्ता वाचून दाखवला. प्राचार्यांनी मान डोलावली.

मग ताई. आज विद्यार्थ्यांची ओळखपत्रं ठेवून घ्यायला तिच्या टेबलावर दुसरं कोणी नव्हतं. ती स्वतः ठेवून घेऊन मगच फळ्याशी गेली.

तिने आठ विद्यार्थ्यांना उभं केलं, माझ्यापुढे मांडलं होतं तेच मांडलं. थर मोजले. मग म्हणाली, "आता मॅन्युअलमधला प्रोग्राम आहे तसा चालवा. आकडे एक लाख घ्या. घड्याळ मी लावते. मग दोन लाखाला चालवायच्या आधी वहीत लिहा, किती वेळ लागेल असं तुम्हाला वाटतं."

एक लाखाला चोवीस सेकंद लागले. विद्यार्थ्यांनी वहीत लिहिलं. पन्नास. एकावन्न. एकाने बावन्न.

"चालवा."

पन्नास सेकंद झाले. खोलीत फक्त पंख्यांचा आवाज. साठ झाले. मागून कोणीतरी म्हणालं, "मावशी, हँग झालं." कोणी हसलं. ताई हसली नाही. ती घड्याळाकडे बघत उभी होती. सत्तर. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. विभागप्रमुख पुढे वाकले. ऐंशी. मी माझ्या कोपऱ्यात बसले होते. सत्त्याण्णवला यादी आली. बरोबर लागलेली.

"चौपट," ताई म्हणाली. "आपण फळ्यावर मोजलं ते दुपटीहून जरासं जास्त. एकतर फळा चुकला, नाहीतर कुठेतरी जास्तीचं काम होतंय. शोधा."

"पण मॅन्युअलच्या तक्त्यात तर दुप्पटच येतं," विभागप्रमुख म्हणाले. आवाज जरा चढला होता.

"हो सर. म्हणून शोधायचं."

"ह्याआधी कोणाला असं आलं नाही?" त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं. "तुम्ही सगळ्यांनी हा प्रयोग केलाय."

पहिल्या बाकावरची मुलगी वही मिटून म्हणाली, "सर, आम्ही आकडे मागच्या वर्षीच्या जर्नलमधून घेतले."

"मागच्या वर्षीच्यांनी?"

"त्यांनीही तसंच, सर."

ताईने कोणाला उत्तर सांगितलं नाही. तिने एवढंच विचारलं की दोन कार्डांची जुळणी करताना हा प्रोग्राम किती कार्डांना हात लावतो. एकेक ओळ वाचून सांगा. तिसऱ्या रांगेतला मुलगा वाचत वाचत त्या ओळीशी आला आणि थांबला.

"शून्यापासून एनपर्यंत," तो म्हणाला. "मावशी, हा सगळी यादी उतरवतोय. प्रत्येक वेळी."

विभागप्रमुख उठले. सरळ त्या मुलाच्या मशीनपाशी गेले. मला वाटलं, संपलं. त्यांनी ओळ वाचली. बराच वेळ वाचली. मग वाकून त्यांनी स्वतः शून्य खोडून तुकड्याची सुरुवात लिहिली, एन खोडून तुकड्याचा शेवट लिहिला. दोन लाख आकडे. बटण दाबलं. बोट उचलायच्या आत यादी पडद्यावर होती.

"तक्ता माझ्या आधीच्या प्रोग्रामचा आहे," ते खोलीकडे वळून म्हणाले. "तो बरोबर होता. विद्यार्थ्यांचा सुरुवात-शेवटात गोंधळ होतो, म्हणून छापताना मी ही ओळ सोपी केली. आणि पुन्हा मोजलं नाही."

मग ते ताईकडे वळले. "तुम्हाला हे कधी कळलं?"

"गेल्या आठवड्यात, सर."

"मला येऊन सांगता आलं असतं."

"आलं असतं, सर. पण मग तुम्ही ओळ दुरुस्त केली असती, आणि पोरांनी आकडे उतरवणं चालूच ठेवलं असतं."

हे ती भांडून म्हणाली नाही. माऊसची वायर तुटलीय हे सांगावं तसं म्हणाली.

त्या दुसऱ्या कॉलेजमधल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला. "यादी आधीच क्रमाने लागलेली असेल तर? ही पद्धत लवकर सुटते का?"

"नाही, बाई. यादी लागलेली आहे का, हे ती बघतच नाही. तुकडे तेवढेच, थर तेवढेच. तुलना निम्म्यावर येतात, कारण डावी गड्डी संपली की उजवी न बघता उचलायची. पण उचलायचं सगळं तेवढंच."

बाईंनी काहीतरी लिहिलं.

बाहेर आल्यावर ताई पायरीवर बसली. "गेली नोकरी," ती म्हणाली. "शेवटचं वाक्य गिळायला हवं होतं. जीभ आवरत नाही माझी. यांना काय सांगू?"

मी तिच्याशेजारी बसून राहिले.

पाच दिवसांनी विभागप्रमुख माझ्या टेबलाशी आले. हातात सातव्या प्रयोगाचं प्रूफ होतं. तक्ता त्यांनी आडवी रेघ मारून काढून टाकला होता. तिथे रिकामे चौकोन आखले होते. "हे असंच छापा," ते म्हणाले. "आकडे ज्याचे त्याने भरायचे." जाता जाता शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हणाले, "आणि तुमच्या ताईंना सांगा, कार्यालयातून पत्र घेऊन जा. आम्हा तिघांचं एकमत झालं. पहिलं मत माझंच."

ताई खाली केबल आणायला गेली होती. मी जिन्यावरून धावत जाऊन तिला थेट कार्यालयात नेलं. तिने केबलचं भेंडोळं खांद्यावर टाकून पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग नवऱ्याला फोन लावला.

"अहो, लागली," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी ऐकून हसली. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

एक तारखेला ती इन्स्ट्रक्टर म्हणून रुजू झाली. अटेंडंटची जागा अजून भरलेली नव्हती. दोनच्या बॅचला दारात रांग लागली.

"मॅडम म्हणायचं का आता?" त्या तिसऱ्या रांगेतल्या मुलाने विचारलं.

"मावशीच बरं आहे," ताई म्हणाली. "ओळखपत्र ठेव आधी."